दहा गुणांची रेषा

औरंगपुऱ्यात स. भु. महाविद्यालयाच्या आजूबाजूला पुस्तकांची दुकानं आहेत, अभ्यासिका आहेत, आणि मराठवाड्याच्या गावागावांतून स्पर्धा परीक्षांसाठी आलेली मुलंमुली आहेत. अशाच एका अभ्यासिकेतले दोघे आपण डोळ्यांसमोर आणू. हे दोघे मी कल्पिलेले आहेत, पण त्यांच्यासारखे खरे अनेक आहेत. दोघांनाही एक छोटा फॉर्म दिला आहे. त्याचं नाव पीएचक्यू-९, आणि मनाच्या उदासीची चाचपणी करण्यासाठी तो जगभर वापरला जातो. त्यात नऊ प्रश्न आहेत, सगळे गेल्या दोन आठवड्यांबद्दल. कशातच रस वाटत नाही का? उदास, हताश वाटतं का? झोप बिघडली आहे का? थकवा, भूक, स्वतःबद्दल अपयशी वाटणं, लक्ष न लागणं, हालचाली मंदावणं किंवा अस्वस्थ येरझाऱ्या, आणि शेवटी नववा प्रश्न: मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असं मनात येतं का? ‘अजिबात नाही’ला शून्य, ‘काही दिवस’ला एक, ‘निम्म्याहून जास्त दिवस’ला दोन, ‘जवळजवळ रोज’ला तीन. कमाल गुण २७.

पहिली मुलगी पहाटे चारला उठते, रात्री बाराला झोपते. झोपेला तिचे तीन गुण, थकव्याला तीन. रस न वाटणं, उदासी, भूक आणि लक्ष या चारांना प्रत्येकी एक. बाकी तिन्ही प्रश्नांना शून्य. बेरीज दहा.

दुसरा मुलगा पूर्वपरीक्षेत दोनदा थोडक्यात राहिला आहे. तो व्यवस्थित झोपतो, जेवतो, वाचायला बसला की लक्षही लागतं. पण कशात रस उरलेला नाही: दोन. उदासी: दोन. आपण घरच्यांचा पैसा वाया घालवला, आपण कामाचे नाही, हे रोज वाटतं: तीन. थकवा एक. आणि नवव्या प्रश्नालाही एक, म्हणजे काही दिवस त्याच्या मनात मरणाचा विचार येऊन गेला आहे. बेरीज नऊ.

या फॉर्मची नेहमी सांगितली जाणारी रेषा दहाची आहे. दहा किंवा जास्त गुण आले तर पुढे तपासणी करावी, कमी आले तर सहसा नाही. म्हणजे झोप अपुरी असलेली मुलगी रेषेच्या आत आली आणि मरणाचा विचार करणारा मुलगा बाहेर राहिला. फॉर्म चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. तो बऱ्यापैकी चांगला आहे. या विसंगतीचं मूळ फॉर्ममध्ये नाही, त्याहून खोल आहे. मानसिक त्रास ‘आहे किंवा नाही’ अशा कप्प्यांत बसतो, की तो उंचीसारखा, सगळ्यांमध्ये कमीअधिक असतो? या प्रश्नाचं उत्तर मानसोपचारशास्त्राने गेल्या पन्नास वर्षांत दोन्ही बाजूंनी दिलं आहे, आणि दोन्ही उत्तरांमागे काही अंशी एकच माणूस आहे.

तो म्हणजे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट स्पिट्झर. १९८० साली अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनने आजारांच्या यादीची तिसरी आवृत्ती काढली, डीएसएम-३. तिच्या समितीचे प्रमुख स्पिट्झर होते. त्याआधी निदान बरंचसं डॉक्टरांच्या घडणीवर अवलंबून असे. १९७०च्या सुमाराला अमेरिकन आणि ब्रिटिश डॉक्टरांना एकाच रुग्णाच्या मुलाखतीची चित्रफीत दाखवून निदान विचारलं गेलं. एका रुग्णाला ६९ टक्के अमेरिकन डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया म्हटलं, तर ब्रिटिश डॉक्टरांपैकी फक्त २ टक्क्यांनी. रुग्ण तोच, मुलाखत तीच, पण अटलांटिक ओलांडला की आजार बदलत होता. असं असताना कुठल्या औषधाचा कुठल्या आजारावर उपयोग होतो हे तरी कसं ठरवणार? म्हणून डीएसएम-३ने प्रत्येक आजारासाठी लक्षणांची यादी आणि किती लक्षणं हवीत याचा आकडा दिला. कप्प्यांना काटेकोर भिंती बांधल्या त्या अशा. ही गरज खरी होती आणि काम मोठं होतं, हे आज त्या भिंतींवर टीका करणाऱ्यांनी विसरता कामा नये.

मात्र आकडा आला कुठून? डिप्रेशनचंच पाहा. १९५७ साली एका अभ्यासात दहापैकी सहा लक्षणांची अट होती. १९७२ साली सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने आठपैकी पाच धरली, आणि चार असतील तर निदान ‘संभाव्य’ म्हटलं. १९८७च्या सुधारित आवृत्तीपासून नऊपैकी पाच हा नियम आहे: लक्षणं किमान दोन आठवडे हवीत आणि त्यांत उदासी किंवा रस न वाटणं यांपैकी एक तरी हवंच. पाचव्या लक्षणापाशी मेंदूत काही वेगळं सुरू होतं असं कुणी दाखवलं नव्हतं. जाणत्या डॉक्टरांनी अनुभवाने आणि चर्चेने तो आकडा ठरवला. तसा तो ठरवावाच लागतो, पण ठरवलेली रेषा आणि सापडलेली रेषा यांत फरक आहे.

या नियमात बसणाऱ्या लक्षणांच्या जुळण्या मोजल्या तर २२७ होतात. त्यांतल्या काही तर एकमेकांशी जेमतेम एका लक्षणापुरत्या जुळतात. एकाची झोप उडालेली, भूक मेलेली, अंगात त्राण नाही, लक्ष लागत नाही, रस संपलेला. दुसरा उदास, अपराधी, हालचालींनी मंदावलेला, मरणाचा विचार करणारा, आणि त्याचीही झोप बिघडलेली. दोघांच्या केसपेपरवर शब्द एकच, पण दोघांत झोपेखेरीज काहीही समान नाही. तेव्हा ‘डिप्रेशन आहे’ एवढंच सांगणारं निदान त्या माणसाबद्दल किती सांगतं? बरंच सांगतं, पण बरंच गाळतंही.

हाच वाद एकदा शरीराच्या एका आजाराबाबत झाला आहे आणि तो समजून घेतला की मनाचं कोडं पुष्कळ सुटतं. १९५०च्या दशकात इंग्लंडमधले दोन नामवंत डॉक्टर, रॉबर्ट प्लॅट आणि जॉर्ज पिकरिंग, रक्तदाबावरून वर्षानुवर्षं भांडले. प्लॅट यांचं म्हणणं, उच्च रक्तदाब हा स्वतंत्र, आनुवंशिक आजार आहे. लोकांचे रक्तदाब मोजले तर निरोग्यांचा एक ढीग आणि आजाऱ्यांचा दुसरा ढीग दिसला पाहिजे. पिकरिंग म्हणाले, दोन ढीग नाहीतच. एकच सलग उतार आहे, रक्तदाब जितका जास्त तितका धोका जास्त, आणि रेषा आपण आपल्या सोयीसाठी ओढतो. पिकरिंग बरोबर ठरले. आज घरोघरी बीपीच्या गोळ्या आहेत, आणि १४०/९०ची रेषा २०१७ साली अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी १३०/८०वर आणली तेव्हा एका दिवसात लक्षावधी माणसं ‘आजारी’ झाली, त्यांच्या रक्तवाहिन्यांत काडीचाही बदल न होता. म्हणून बीपी खोटं आहे असं कुणी म्हणत नाही. ते वाढलं तर अर्धांगाचा झटका खराच येतो. रेषा माणसाने ओढलेली असली तरी त्रास माणसाने कल्पिलेला नसतो, ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात.

डिप्रेशनमध्ये दोन ढीग आहेत की एक उतार, हे कसं तपासायचं? अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात केनेथ केंडलर आणि चार्ल्स गार्डनर यांनी जुळ्यांच्या नोंदी वापरून १९९८ साली ते केलं. त्यांचा विचार साधा होता. पाच लक्षणं ही निसर्गाने आखलेली सीमा असेल तर चार लक्षणांच्या माणसाचं आणि पाच लक्षणांच्या माणसाचं भविष्य एकदम वेगळं दिसायला हवं. पुढे पुन्हा झटका येण्याची शक्यता, जुळ्या भावंडाला तोच त्रास होण्याची शक्यता, यांत पाचवर पायरी दिसायला हवी. ती दिसली नाही. लक्षणं वाढत गेली तसा धोका वाढत गेला, आणि चार लक्षणांच्या माणसांनाही पुढच्या काळात त्रासाचा धोका होताच. त्यानंतर वेगवेगळ्या त्रासांवर असे पुष्कळ अभ्यास झाले आणि बहुतेकांचा कौल उताराच्या बाजूने आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या यादीने, जी १ जानेवारी २०२२पासून लागू आहे, व्यक्तिमत्त्वाच्या विकारांचे जुने बहुतेक कप्पे मोडून सौम्य, मध्यम, तीव्र अशी पट्टी आणली, ती याच विचाराने.

पीएचक्यू-९ हा फॉर्मही पट्टीच्याच बाजूचा, आणि तोही स्पिट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचाच. २००१ साली त्याची परीक्षा प्रसिद्ध झाली. फॉर्म भरलेल्या माणसांची तज्ज्ञांनी स्वतंत्र मुलाखत घेतली आणि नऊपैकी पाचच्या नियमाने डिप्रेशन आहे की नाही ते ठरवलं. दहाच्या रेषेवर फॉर्मने आजारी ठरलेल्यांपैकी ८८ टक्के पकडले आणि निरोगी ठरलेल्यांपैकी ८८ टक्के सोडून दिले. इथे एक बारकावा आहे, आणि तो सहसा कुणी सांगत नाही: पट्टी बरोबर आहे का, हे पारखलं गेलं ते कप्प्यावर. कप्प्याची भिंत जर अंदाजे बांधलेली असेल तर पट्टीवरची दहाची खूणही अंदाजेच असणार.

८८ टक्के ऐकायला भक्कम वाटतं, म्हणून हिशेब करून पाहू. एखाद्या दवाखान्यात आलेल्या हजार जणांनी फॉर्म भरला आणि त्यांतल्या शंभरांना खरोखर डिप्रेशन आहे असं धरू. शंभरातले ८८ सापडतील, १२ निसटतील. उरलेल्या नऊशेंपैकी १२ टक्के, म्हणजे १०८ जण, विनाकारण रेषेच्या वर येतील. एकूण १९६ जणांना ‘दहाच्या वर’ म्हटलं जाईल आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिकांना तो आजार नसेल. कुणाला रक्तक्षय असेल आणि त्यानेच थकवा, भूक, लक्ष यांचे गुण चढले असतील. कुणाचं थायरॉइड मंदावलं असेल. कुणाला आमच्या अभ्यासिकेतल्या मुलीसारखी नुसती झोप हवी असेल. चाळणी म्हणून हे चालतं, कारण पुढे डॉक्टर बसलेला असतो. पण मोबाईलवर फॉर्म भरून, अकरा गुण पाहून, स्वतःला ‘डिप्रेशनचा पेशंट’ म्हणवून घेणाऱ्याच्या पुढे कुणीच बसलेलं नसतं.

रेषा कशासाठी ओढायची आहे त्यावर तिची जागा ठरते, याचं उत्तम उदाहरण आपल्या शेजारी गोव्यात आहे. डॉ. विक्रम पटेल यांनी तिथे उभ्या केलेल्या ‘संगाथ’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक उपचार पारखला आणि त्याचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत माणसाला पुन्हा रोजच्या कामांत आणि माणसांत आणायचं, असा तो उपचार. त्यात घेतलेल्या ४९५ जणांसाठी याच फॉर्मवरची रेषा दहा नव्हती, पंधरा होती. दहा-बारा गुणांचे बरेच लोक आपणहून सावरतात. मोजकी माणसं आणि मोजका वेळ ज्यांचा त्रास जास्त आहे त्यांच्यावर खर्च करायचा होता. तेव्हा चाचपणीला दहा आणि उपचाराला पंधरा यांत विसंगती नाही. प्रश्न वेगळा म्हणून रेषा वेगळी.

तिसरा प्रश्न सरकारी आहे, आणि त्याची रेषा माणसाच्या आयुष्यावर सर्वांत थेट परिणाम करते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजारामुळे येणारं अपंगत्व धरलेलं आहे, आणि आरक्षणासारख्या बऱ्याच सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. टक्के काढायची पट्टी इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने बनवली आहे. तिला आयडियाज म्हणतात आणि ती २०१८च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत आहे. तिथे लक्षणं मोजत नाहीत, जगणं मोजतात: स्वतःची निगा, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं, आणि काम. प्रत्येकाला शून्य ते चार गुण. त्यात आजार किती वर्षांचा आहे त्याचे एक ते चार गुण मिळवायचे. एकूण वीस. सात गुण झाले की ४० टक्के.

आता स्किझोफ्रेनियाचे दोन रुग्ण घेऊ. दोघांचंही निदान एकच आणि आजची अवस्थाही एकच: निगा नीट, शून्य; संबंधांत थोडी अडचण, एक; बोलण्या-समजण्यात थोडी, एक; कामात मध्यम, दोन. दोघांचे चार गुण. एकाचा आजार दीड वर्षाचा, म्हणून एक मिळवून पाच. दुसऱ्याचा बारा वर्षांचा, म्हणून चार मिळवून आठ. दुसरा सातच्या वर, प्रमाणपत्राला पात्र. पहिला नाही. हा अन्याय आहे का? दीर्घ आजार माणसाचं शिक्षण, नोकरी, लग्न सगळं पोखरतो, त्यामुळे वर्षांना वजन देणं मला रास्त वाटतं. पण पहिल्याच्या घरच्यांनी घाटी या सरकारी रुग्णालयातून परतताना ‘डॉक्टरांच्या मते याला काही झालेलंच नाही’ असा अर्थ काढला तर तो साफ चुकीचा आहे. पाच गुण म्हणजे आजार नाही असं नव्हे, तर एका विशिष्ट सवलतीसाठी ओढलेल्या रेषेच्या अलीकडे, एवढंच.

मग कप्पे टाकूनच द्यावेत का? नाही, आणि याबाबत मी ठाम आहे. काही फरक नुसते कमी-जास्तीचे नसतात. डिप्रेशनच्या माणसाला पूर्वी कधी उन्मादाचा झटका येऊन गेला असेल, म्हणजे आठवडाभर दोन-तीन तासांच्या झोपेवर अफाट उत्साह, बेलगाम खर्च, आपण काहीतरी महान आहोत अशी खात्री, तर त्याचा आजार बायपोलर गटातला आहे. अशा माणसाला नुसतं डिप्रेशनचं औषध दिलं तर तो पुन्हा उन्मादात जाऊ शकतो. पीएचक्यू-९मध्ये याबद्दल एकही प्रश्न नाही. सोळा गुणांचा साधा डिप्रेशनचा रुग्ण आणि सोळा गुणांचा बायपोलर रुग्ण पट्टीवर शेजारी बसतात आणि त्यांना वेगळा करतो तो कप्पाच. शिवाय डॉक्टरला शेवटी हो किंवा नाही असंच ठरवावं लागतं: औषध द्यायचं की नाही, दाखल करायचं की नाही. अर्धं दाखल करता येत नाही.

पट्टीचीही एक मोठी खोट आहे: ती बेरीज करते. झोप न येणं आणि अति झोपणं दोन्हीला त्याच प्रश्नात तेच गुण. थकव्याचा एक गुण आणि मरणाच्या विचाराचा एक गुण, बेरजेत दोन्ही सारखेच. म्हणून जाणता डॉक्टर आधी नववं उत्तर वेगळं पाहतो, बेरीज कितीही असो. मग पाहतो की गुण कुठल्या प्रश्नांत साठले आहेत, किती दिवसांपासून, आणि फॉर्मच्या तळाशी असलेल्या, गुण नसलेल्या प्रश्नाला काय उत्तर आलं: या सगळ्यामुळे काम, घर, माणसांशी वागणं किती अवघड झालं आहे? त्या विनागुणाच्या प्रश्नावर माझा भरवसा बेरजेपेक्षा जास्त आहे.

या वाटेनेही दोन डॉक्टर नेहमी एका निष्कर्षावर येतात असं नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या डीएसएम-५च्या चाचण्यांत दोन तज्ज्ञांनी एकाच रुग्णाला वेगवेगळं तपासलं. निव्वळ योगायोगाने जुळलं तर शून्य आणि पूर्ण जुळलं तर एक, अशा मापावर आघातानंतरच्या तणावविकारासाठी आकडा ०.६७ आला, पण डिप्रेशनसाठी अवघा ०.२८. डॉक्टर अडाणी होते म्हणून असं झालं नाही. उताराच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसाला वरचा म्हणायचं की खालचा, यावर दोन शहाण्या माणसांचं मत वेगळं पडणारच.

म्हणून तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या केसपेपरवर एखादं निदान लिहिलं गेलं, तर त्याला घाबरू नका आणि त्याला कवटाळूनही बसू नका. डॉक्टरांना विचारा: हा त्रास सौम्य आहे, मध्यम की तीव्र? कुठल्या गोष्टींवरून तुम्ही असं ठरवलं? यापूर्वी कधी अति उत्साहाचे दिवस येऊन गेले का, हे पाहिलंत का? रक्ततपासणी हवी का? आणि सुधारणा होते आहे हे कशावरून ओळखायचं? निदान बदललं तर डॉक्टर चुकले असं लगेच समजू नका. माहिती वाढली की अंदाज सुधारतो. मात्र मरणाचा विचार मनात येत असेल तर बेरीज करत बसू नका. गुण नऊ असोत की दोन, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा, घाटीसारख्या कुठल्याही जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा, किंवा टेली-मानसला १४४१६वर फोन करा. हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, आणि मराठीत बोलता येतं.